रात्री उशिरा लिहिलेला कार्यालयीन मेल: लगेच पाठवावा, सकाळसाठी लावून ठेवावा की रोखून धरावा? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: रात्री अकरानंतर मेल लिहून तयार झाला, तर निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

बहुतेक जण स्वतःला एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘मी रागात आहे का?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण अगदी शांतपणे लिहिलेला मेलही चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या माहितीसह जाऊ शकतो. ‘लगेच’, ‘सकाळी’ आणि ‘थांबा’ हे तीन पर्याय एकाच मापाच्या तीन पायऱ्या आहेत, असे समजले जाते, आणि गोंधळ तेथेच सुरू होतो. वास्तविक प्रत्येक पर्यायामागचा प्रश्न निराळा आहे.

लगेच पाठवायचे की नाही, हे घटनेवरून ठरते: हा मेल वाचून कोणी सकाळपूर्वी काही करू शकणार आहे का, आणि न केल्यास नुकसान होणार आहे का? सकाळसाठी लावायचे की नाही, हे वाचणाऱ्याच्या वेळेवरून ठरते: मजकूर पक्का आहे, मात्र तो या वेळी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची गरज नाही. रोखून धरायचे की नाही, हे मजकुरावरून ठरते: यात असे काही आहे का, जे दुसऱ्या कोणी पाहिल्याशिवाय किंवा एखादी गोष्ट पडताळल्याशिवाय कार्यालयाबाहेर जाऊ नये?

सर्वांत जास्त घोटाळा दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांत होतो. मजकुराबद्दल मनात शंका असते, म्हणून मेल सकाळी नऊसाठी लावून ठेवला जातो आणि विचार लांबणीवर टाकल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात मेल वेळ लावून ठेवणे म्हणजे तो पाठवणेच आहे, फक्त पोहोच उशिराची आहे. सकाळी रहदारीत अडकलात, बैठक लवकर सुरू झाली किंवा विसरलात, तरी तो जाणारच. म्हणून शंका असलेला मेल कधीही वेळ लावून ठेवू नये.

प्रश्न: ‘लगेच पाठवा’ हे उत्तर नेमके केव्हा योग्य ठरते?

सकाळपूर्वी काहीतरी घडणार असेल आणि ते थांबवता किंवा बदलता येणार असेल तेव्हा. पहाटे सुटणारी गाडी, सकाळच्या पाळीत सुरू होणारे काम, रात्रीत चालणारे संगणकीय काम, पहाटेच्या विमानाने निघणारा सहकारी, ही त्याची साधी उदाहरणे आहेत.

मात्र येथे एक अडचण आहे. ज्या कारणासाठी मेल रात्री पाठवणे आवश्यक वाटते, त्याच कारणासाठी मेल हे साधन बहुधा अपुरे असते, कारण रात्री पावणेबाराला माणूस मेल पाहत नसतो. काम खरोखर तातडीचे असेल, तर आधी फोन करावा आणि फोनवर जे ठरले तेवढेच लगेच मेलने कळवावे. त्या मेलचा उपयोग माहिती देण्यापेक्षा नोंद राहण्यासाठी अधिक असतो. उलट, ज्या कामासाठी समोरच्याला रात्री फोन करण्याचा आपल्याला संकोच वाटतो, त्या कामासाठीचा मेलही सकाळपर्यंत थांबू शकतो. ही कसोटी मला इतर कोणत्याही नियमापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

प्रश्न: एखादे उदाहरण सविस्तर समजावून सांगता येईल का?

समजा, चाकणच्या एका कारखान्यातील खरेदी विभागाचे अधिकारी १२ तारखेला रात्री ११.४० वाजता भोसरीच्या पुरवठादाराला मेल लिहीत आहेत. दुपारी १,२०० बुश आले आहेत. रेखाचित्रानुसार बुशचा आतील व्यास २० मिलिमीटर, H7 या मर्यादेत हवा आहे, म्हणजे तो २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर यांदरम्यान असावा लागतो. दुसऱ्या पाळीत गुणवत्ता विभागाने पाच नग मोजले आणि पाचही नग २०.०३४ ते २०.०३८ मिलिमीटर भरले. पहिली पाळी सकाळी सात वाजता सुरू होईल आणि तेव्हा हाच माल वापरायला घेतला जाईल. शिवाय त्याच मालाची पुढची गाडी पुरवठादाराकडून सकाळी सहा वाजता निघणार आहे. अधिकाऱ्यांनी लिहिलेला मसुदा असा आहे:

‘तुमच्याकडून वारंवार निकृष्ट माल येत आहे. आज आलेला संपूर्ण लॉट नाकारण्यात येत आहे. आमच्या नुकसानीची रक्कम तुमच्या बिलातून वजा केली जाईल. उद्यापर्यंत लेखी खुलासा द्यावा.’

मेल पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधीला आहे. सीसीमध्ये त्यांचे मालक आणि आपले प्लांट हेड आहेत.

आता एकेक वाक्य पाहावे. ‘वारंवार’ या शब्दाला नोंदीचा आधार लागतो. यापूर्वीची तक्रार एकदाच आणि आठ महिन्यांपूर्वीची असेल, तर हा शब्द खोटा ठरतो आणि समोरचा माणूस नेमका त्याच शब्दाला धरून बसतो, मूळ दोष बाजूलाच राहतो. ‘संपूर्ण लॉट’ हे निदान पाच नगांवरून केलेले आहे, आणि ते पाचही नग सोयीने वरच्या एकाच क्रेटमधून उचललेले असू शकतात. ‘रक्कम वजा केली जाईल’ हे लिहिण्याचा अधिकार बहुतेक कंपन्यांत खरेदी अधिकाऱ्याला एकट्याला नसतो. त्यासाठी खरेदी आदेशातील अटी पाहाव्या लागतात आणि लेखा विभाग डेबिट नोट काढतो. ‘उद्यापर्यंत’ या शब्दाचा अर्थ तर मेल बारापूर्वी गेला की बारानंतर, यावर बदलतो.

या मसुद्यात वास्तविक तीन मेल एकत्र आले आहेत. पहिला तातडीचा आहे, दुसरा माहितीचा आहे आणि तिसरा कारवाईचा आहे. त्यांचे मार्ग वेगळे केले की निर्णय आपोआप सुटतो.

तातडीचा भाग म्हणजे दोन फोन. एक आपल्याच रात्रपाळीच्या इन्चार्जना: हा लॉट बाजूला काढून त्यावर ‘होल्ड’चा टॅग लावावा, म्हणजे सातच्या पाळीला तो लाइनवर जाणार नाही. दुसरा पुरवठादाराच्या डिस्पॅच पाहणाऱ्या माणसाला: सहाची गाडी सोडू नये. त्यानंतर लगेच चार ओळींचा मेल, सीसीमध्ये कोणाचीही भर न घालता:

‘विषय: १३ तारखेची सकाळी ६ ची गाडी थांबवणे – २० मिमी बुश.
फोनवर बोलल्याप्रमाणे, १२ तारखेला आलेल्या लॉटमधील मोजलेल्या ५ नगांचा आतील व्यास मर्यादेबाहेर आढळला आहे. उरलेल्या मालाची तपासणी १३ तारखेला सकाळी होईल. तिचा निष्कर्ष कळवेपर्यंत पुढचा माल पाठवू नये. सविस्तर मोजमापे सकाळी पाठवतो.’

या मजकुरात दोष कोणाचा, हे कोठेही म्हटलेले नाही आणि तरीही गाडी थांबते.

माहितीचा भाग, म्हणजे पाच नगांची मोजमापे, वापरलेल्या बोअर गेजचा क्रमांक, छायाचित्रे आणि ‘आपल्याकडे शिल्लक असलेले नग मोजून कळवावेत’ ही विनंती, सकाळी ९.१५ साठी लावता येते. सकाळच्या तपासणीत काहीही निघाले, तरी रात्री घेतलेली पाच मोजमापे खोटी ठरणार नाहीत, म्हणून हा मेल वेळ लावून ठेवण्यास योग्य आहे.

कारवाईचा भाग, म्हणजे लॉट नाकारणे, रक्कम वजा करणे, लेखी खुलासा मागणे आणि मालकांना सीसी करणे, हा रोखून धरायचा. तो गुणवत्ता विभागप्रमुख आणि लेखा विभाग यांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये.

सकाळी साडेआठपर्यंत आठही क्रेट तपासले गेले आणि दोष एकाच क्रेटमध्ये निघाला, असे समजा. सात क्रेट वापरता येतात, सहाऐवजी अकरा वाजता गाडी सुटते आणि चर्चा फक्त दीडशे नगांची उरते. रात्रीचा मूळ मसुदा गेला असता, तर संपूर्ण लॉट नाकारल्याची लेखी नोंद पुरवठादाराच्या मालकांकडे असती आणि ती मागे घेण्यासाठी दुसरे पत्र लिहावे लागले असते.

प्रश्न: एका मसुद्याचे तीन मेल केले, तर समोरच्याचा गोंधळ होणार नाही का?

विषयाची ओळ वेगवेगळी असली आणि पहिल्या मेलमध्ये ‘सविस्तर सकाळी पाठवतो’ एवढे लिहिले असले, तर होत नाही. गोंधळ एकाच लांबलचक मेलमध्ये जास्त होतो, कारण गाडी थांबवण्याची सूचना तिसऱ्या परिच्छेदात दडलेली असते.

प्रश्न: वेळ लावून ठेवलेल्या मेलच्या बाबतीत कोणत्या चुका होतात?

पहिली चूक भाषेतली आहे आणि ती सहज निसटते. रात्री लिहिताना आपण ‘आज’, ‘उद्या’, ‘आत्ताच’, ‘काल संध्याकाळी’ असे शब्द वापरतो आणि मेल पोहोचतो तेव्हा दिवस बदललेला असतो. सोमवारी रात्री ‘उद्या चारपर्यंत कळवा’ असे लिहून मंगळवारी सकाळसाठी लावले, तर वाचणारा बुधवार समजतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. वेळ लावलेल्या मेलमध्ये तारीख आणि वार लिहावा.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. रात्रीतून त्याच धाग्यात कोणाचे तरी उत्तर येते, प्रश्न सुटतो, आणि सकाळी आपला जुना मेल त्या उत्तराखाली जाऊन बसतो. मेल पाठवणारी यंत्रणा धाग्यात नवीन काय आले हे पाहून थांबत नाही. ज्या धाग्यात परदेशातील किंवा रात्रपाळीतील लोक आहेत, तेथे हे हमखास घडते. अशा धाग्यातील उत्तर वेळ लावून ठेवण्याऐवजी मसुदा म्हणून ठेवावे आणि सकाळी धागा वाचून मगच पाठवावे.

तिसरी चूक तांत्रिक आहे. जीमेलमध्ये `Schedule send` वापरून लावलेला मेल गूगलच्या सर्व्हरवरून जातो, त्यामुळे आपला संगणक किंवा फोन बंद असला तरी फरक पडत नाही. तो `Scheduled` या कप्प्यात दिसतो आणि रद्द केल्यास पुन्हा मसुदा होतो. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत `Delay Delivery` वापरताना मात्र खाते कोणत्या प्रकारचे आहे, हे महत्त्वाचे ठरते. खाते आयमॅप किंवा पॉप प्रकारचे असेल, तर ठरलेल्या वेळी आउटलुक उघडे असावे लागते. लॅपटॉप मिटून घरी नेला, तर मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो आणि दुपारी आउटलुक उघडल्यावर एकदम जातो. कार्यालयात कोणते खाते आहे, हे एकदा संगणक विभागाला विचारून घ्यावे.

प्रश्न: सकाळी किती वाजताची वेळ लावावी?

जीमेल सकाळी आठची वेळ सुचवते आणि बरेच जण तीच स्वीकारतात. माझ्या मते आठची वेळ सोयीची नाही, कारण तेव्हा पाठवणारा स्वतः जागेवर नसतो. आपण कामावर पोहोचून रात्रीत आलेले मेल वाचून झाल्यानंतरची वेळ लावावी, म्हणजे काही बदलले असल्यास मेल रद्द करण्याइतका अवधी मिळतो. साडेनऊला काम सुरू होत असेल, तर दहाच्या सुमाराची वेळ बरी. आपण स्वतः त्या दिवशी रजेवर असू, तर ज्या मेलला उत्तर येणार आणि त्या उत्तरावर काही करावे लागणार, तो लावून ठेवू नये. रजेपूर्वी पाठवावा किंवा सहकाऱ्याकडे सोपवावा.

सणांचे दिवसही पाहावेत. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री ‘उद्या सकाळ’साठी लावलेला मेल घरात मूर्तीची प्रतिष्ठापना चालू असताना वाजतो, आणि कार्यालय उघडेपर्यंत इतर मेलच्या खाली गाडला जातो.

प्रश्न: परदेशातील ग्राहकाला रात्री मेल पाठवणे योग्य आहे का?

त्याच्याकडे किती वाजले आहेत, हे पाहावे. आपली रात्र येथे गौण आहे. पुण्यात रात्रीचे ११.३० वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचे २ आणि हिवाळ्यात दुपारचे १ वाजलेले असतात. तेथील ग्राहकासाठी ती कामाची वेळ आहे आणि सकाळपर्यंत थांबवल्यास त्याचा अख्खा दिवस वाया जातो, कारण आपल्या सकाळी दहाला तेथे मध्यरात्र उलटलेली असते किंवा उलटण्याच्या बेतात असते. जर्मनीत मात्र त्याच क्षणी संध्याकाळचे ८ किंवा ७ वाजलेले असतात, म्हणजे तेथील कार्यालय बंद झालेले असते. त्यांच्या सकाळी साडेआठला मेल पोहोचायचा असेल, तर आपल्याकडील दुपारी १२ किंवा १ ची वेळ लावावी लागते.

‘किंवा’ असे तीनदा म्हणावे लागले, कारण तिकडे घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात आणि आपली बदलत नाहीत. युरोपात ती मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत पाठ असलेला फरक चुकतो.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. ग्राहकाची दुपार आहे म्हणून आपला थकवा कमी होत नाही. १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात, सलग १७ तास जागे राहिलेल्या लोकांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. सकाळी सहाला उठलेल्या माणसासाठी सतरावा तास रात्री अकराला भरतो. त्यामुळे वेळ योग्य असली, तरी दर, मुदत किंवा तांत्रिक मान्यता देणारा मेल असेल, तर त्या रात्री ‘आपला मेल मिळाला, आकडे तपासून उद्या आपल्या सकाळी कळवतो’ एवढेच पाठवावे.

प्रश्न: कोणते मेल कितीही खात्री असली तरी रोखून धरावेत?

ज्या मेलमुळे कंपनीवर पैशांचे किंवा मुदतीचे बंधन येते, ज्यात एखाद्या व्यक्तीवर ठपका ठेवला आहे, ज्यात कोणाच्या नोकरीचा, मूल्यमापनाचा किंवा पगाराचा विषय आहे, आणि ज्यात वादाच्या धाग्याला ‘रिप्लाय ऑल’ केले आहे, ते चार प्रकार सकाळी दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पाठवू नयेत. स्वतःचा राजीनामा हा पाचवा. तो दुसऱ्या दिवशी दिल्याने सूचना कालावधीत एका दिवसाचाच फरक पडतो; मात्र एकदा पाठवला की तो मागे घ्यायचा झाल्यास विनंती करण्याची वेळ येते.

उपरोध असलेला मेलही याच यादीत घालावा. क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मेलमधील उपरोध वाचणाऱ्याला कळेल असे लिहिणाऱ्यांना सुमारे ७८ टक्के वेळा वाटत होते. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ टक्के वेळाच ओळखला गेला, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा फारसा अधिक नाही. ‘आपल्या तत्परतेबद्दल आभार’ हे वाक्य लिहिताना कानात जो सूर असतो, तो कागदावर उतरत नाही. सकाळी ते वाक्य काढून टाकावे. ते सुधारत बसू नये.

प्रश्न: रोखून धरायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

सर्वप्रथम ‘टू’, ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ या तिन्ही जागा रिकाम्या कराव्यात. पत्ते असलेला मसुदा झोपेत, फोनवर अंगठा लागून जाऊ शकतो. पत्ता नसलेला जाऊ शकत नाही. उत्तर म्हणून लिहिलेल्या मेलमध्ये पत्ते आपोआप येतात, म्हणून तेथे ही काळजी जास्त घ्यावी.

त्यानंतर मजकुराच्या वर, स्वतःसाठी, दोन ओळी लिहाव्यात: कोणाला दाखवायचे आणि काय तपासायचे. ‘सकाळी पुन्हा बघू’ असे लिहून काही होत नाही. ‘खरेदी आदेशातील नकाराची अट कोणती ते पाहणे, उरलेल्या क्रेटची मोजमापे घेणे, मागील तक्रारीची तारीख शोधणे’ असे लिहिले, तर सकाळी डोके चालण्याची वाट न पाहता काम सुरू करता येते. पाठवण्यापूर्वी या ओळी काढायला विसरू नये. त्या राहून गेल्याच्या कहाण्या प्रत्येक कार्यालयात सांगितल्या जातात.

आणि एक शेवटची वेळ ठरवावी. रोखलेला मेल दुपारी बारापर्यंत पाठवायचा किंवा रद्द करायचा. तसे न केल्यास मसुदा आठवडाभर पडून राहतो, विषय शिळा होतो आणि समोरच्याला आपली तक्रारच नव्हती असे वाटते. रोखून धरण्याचा हाच खरा तोटा आहे.

प्रश्न: मसुदा दुसऱ्याला दाखवताना काय विचारावे?

‘जरा बघता का?’ असे विचारले, की ‘ठीक आहे’ असेच उत्तर येते. निश्चित प्रश्न विचारावा: ‘साहेब, दुसऱ्या परिच्छेदात रक्कम वजा करण्याचे लिहिले आहे, ते आपल्या अटींत बसते का?’ किंवा ‘ताई, हे वाचून मी पुरवठादारावर आरोप करतोय असे वाटते का?’ पहिला प्रश्न अधिकार असलेल्या माणसाला आणि दुसरा त्या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला विचारावा. जो सहकारी त्या भांडणात आपल्याच बाजूने तापलेला आहे, त्याला दाखवून उपयोग नाही. तो मसुद्यात आणखी दोन वाक्ये घालून देतो.

दाखवायला कोणीच नसेल, तर आधी समोरच्याचा मूळ मेल पूर्ण वाचावा आणि मगच स्वतःचा मसुदा उघडावा. रात्री आपण ज्या मुद्द्याला उत्तर दिले, तो मुद्दा मूळ मेलमध्ये तशा स्वरूपात नसल्याचे अनेकदा तेव्हा दिसते.

प्रश्न: पाठवल्यावर मागे घेण्याची सोय आहे, मग इतका विचार कशाला?

ती सोय फार थोड्या वेळाची आहे. जीमेलमधील `Undo Send` सुरुवातीला ५ सेकंदांवर असते आणि सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ते वाढवून ठेवावे, कारण विसरलेली अटॅचमेंट आणि चुकीचा पत्ता बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटातच लक्षात येतो. चुकीचा निर्णय मात्र तेवढ्यात लक्षात येत नाही. आउटलुकमधील `Recall` एकाच संस्थेतील मायक्रोसॉफ्टच्या खात्यांपुरते चालते. पुरवठादाराकडे किंवा ग्राहकाकडे गेलेला मेल त्याने परत येत नाही.

प्रश्न: वरिष्ठ म्हणून मी रात्री मेल पाठवतो, पण उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. तरीही वेळ लावून ठेवावी का?

होय. आपली अपेक्षा नाही, हे आपल्याला माहीत आहे, हाताखालच्या माणसाला नाही. लॉरा जिउर्जे आणि व्हेनेसा बोन्स यांच्या २०२१ सालच्या अभ्यासात असे आढळले, की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या आणि तातडीच्या नसलेल्या मेलला पाठवणाऱ्याला जेवढ्या लवकर उत्तर हवे असते, त्यापेक्षा लवकर ते हवे असावे असे वाचणाऱ्याला वाटते. ‘यावर घाई नाही, गुरुवारपर्यंत कळवले तरी चालेल’ अशी स्पष्ट ओळ लिहिल्यावर हा गैरसमज कमी झाला. ही ओळ वेळ लावलेल्या मेलमध्येही उपयोगी पडते.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून अलिप्त राहण्याच्या हक्काची तरतूद २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे याच विषयावर बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. कायदा झालेला नसला, तरी पुण्या-मुंबईतील कार्यालयांत रात्री साडेअकराच्या मेलला ‘नोटेड सर’ असे पावणेबाराला आलेले उत्तर तत्परतेचे लक्षण समजण्याची सवय वरिष्ठांनीच सोडायला हवी.

प्रश्न: मुदत रात्री बाराची असेल, तर?

मग तो मेल पाठवावाच लागतो, आणि वेळ लावून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, पक्षांनी वेगळे काही ठरवलेले नसल्यास, इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणकीय साधनात शिरते, तेव्हा ती पाठवली असे मानले जाते. ‘मी रात्री दहालाच लिहून ठेवला होता’ याला त्यामुळे अर्थ उरत नाही. अशा वेळी मजकुराबद्दल शंका असेल, तर मुदतीपुरते आवश्यक तेवढेच पाठवावे आणि ‘सविस्तर म्हणणे मांडण्याचा हक्क राखून’ असे नमूद करावे, बाकीचे सकाळी. ई-निविदा मात्र पोर्टलवरच भरावी लागते, तेथे मेलने भागत नाही.

प्रश्न: हेच सर्व व्हॉट्सॲपलाही लागू होते का?

निर्णयाचे प्रश्न तेच आहेत, पण रोखून धरणे तेथे जास्त अवघड आहे, कारण अर्धवट लिहिलेला संदेश चॅटमध्येच पडून असतो आणि पाठवायचे बटण त्याच्या शेजारी असते. मसुदा नोट्समध्ये लिहावा. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि त्यानंतरही काही काळ सर्वांसाठी पुसता येतो. पण पुसल्याची खूण तेथे राहते, आणि कार्यालयाच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता पुसलेला संदेश पाहून सकाळी चार जण ‘काय होते ते?’ असे विचारतात. वर सांगितलेल्या उदाहरणातील गाडी थांबवण्याचा निरोप फोननंतर व्हॉट्सॲपवर दिला, तरी हरकत नाही. मोजमापे आणि डेबिट नोट यांचा पत्रव्यवहार मात्र मेलवरच ठेवावा, कारण महिन्याभराने लेखा विभाग ती नोंद शोधेल, तेव्हा तिथेच शोधेल.